साठचा बल्ब, शंभरचा बल्ब

विजेचा धडा संपत आला की फळ्यावर एक प्रश्न हमखास येतो. एक बल्ब ६० वॅटचा, दुसरा १०० वॅटचा, दोन्ही २३० व्होल्टचे. समांतर जोडले तर कोणता जास्त उजळेल? आणि एकसर जोडले तर? प्रश्न दोन ओळींचा आहे. बेरीज-भागाकार येणाऱ्या कोणालाही सोडवता येईल. तरीही मला तो विजेच्या साऱ्या अभ्यासक्रमातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. उत्तर लिहून झाल्यावरही तो संपत नाही, आणि अनसिंगच्या बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानापासून गावाच्या डीपीपर्यंत तो पुन्हा पुन्हा भेटत राहतो.

प्रश्नाचा पहिला भाग मुद्दाम सोपा ठेवलेला आहे. समांतर जोडणी म्हणजे घरातली नेहमीची जोडणी. प्रत्येक बल्बच्या दोन टोकांना फेज आणि न्यूट्रल थेट मिळतात. दोघांना पूर्ण २३० व्होल्ट मिळतात, म्हणून साठचा साठ वॅट घेतो, शंभरचा शंभर घेतो आणि शंभरचा जास्त उजळतो. मीटरवर १६० वॅटचा भार पडतो. यात नवल काही नाही. विद्यार्थी मान डोलावतो, आणि प्रश्नाला नेमके तेच हवे असते. ‘शंभर म्हणजे जास्त उजेड’ ही समजूत इथे पक्की होते, आणि दुसऱ्या भागात तिलाच धक्का बसतो.

दुसरा भाग वाचताना बल्बवरची छपाई नीट वाचावी लागते. काचेवर नुसते ‘६० वॅट’ लिहिलेले नसते, शेजारी ‘२३० व्होल्ट’ही असते. या दोन आकड्यांचे मिळून एकच वाक्य होते: मला २३० व्होल्ट द्याल तर मी ६० वॅट घेईन. वॅट हा बल्बचा रंग किंवा वजन यासारखा अंगचा गुण नाही. तो एका अटीवर दिलेला शब्द आहे. अट मोडली की शब्दही उरत नाही. मग बल्बचे स्वतःचे असे काय राहते? त्याच्या तारेचा रोध. २३० चा वर्ग करून ६० ने भागले की साठच्या बल्बचा रोध मिळतो, सुमारे ८८२ ओहम. तसाच शंभरचा ५२९ ओहम. म्हणजे कमी वॅटच्या बल्बचा रोध जास्त असतो, त्याची तार जास्त बारीक असते. प्रश्नाची गाठ इथेच सुटते.

दोन्ही बल्ब एकामागे एक जोडले की करंटला एकच वाट उरते. जितका करंट साठच्या बल्बमधून जातो तितकाच शंभरच्यामधून जातो, कमी नाही आणि जास्तही नाही. एकूण रोध १,४११ ओहम, त्यामुळे करंट सुमारे ०.१६ अँपिअर. आता २३० व्होल्ट दोघांत रोधाच्या प्रमाणात वाटले जातात. साठच्या बल्बला १४४ व्होल्ट मिळतात, शंभरच्याला ८६. व्होल्टेजला करंटने गुणले की साठचा बल्ब २३.४ वॅट घेतो आणि शंभरचा १४.१ वॅट. दुबळा समजलेला बल्ब पुढे गेला, आणि दोघे मिळून अवघे साडेसदतीस वॅट घेऊ लागले. म्हणजे एकट्या साठच्या बल्बपेक्षाही कमी.

हे साडेसदतीस एका सुरेख वाटेनेही काढता येतात. समांतर जोडणीत वॅटची बेरीज होते. एकसर जोडणीत वॅटचा गुणाकार भागिले बेरीज करावी लागते: ६० गुणिले १००, भागिले १६०. दोन रोध समांतर जोडल्यावर एकूण रोध काढण्याची रीत अगदी हीच आहे, फक्त ती उलट जोडणीसाठी वापरली जाते. हे पहिल्यांदा ध्यानात येते तेव्हा होणारा आनंद मी अनेक मुलांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

पण या भागाचे खरे मर्म याच्याही खाली आहे. विजेच्या शक्तीची दोन सूत्रे पुस्तकात शेजारी शेजारी छापलेली असतात. एक म्हणते, व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे रोध वाढला की शक्ती घटते. दुसरे म्हणते, करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे रोध वाढला की शक्ती वाढते. दोन्ही खरी आहेत आणि एकमेकांतूनच निघतात. मग रोध वाढल्याने बल्ब उजळतो की मंदावतो? या प्रश्नाला स्वतःचे असे उत्तरच नाही. दोन बल्बांमध्ये काय समान ठेवले आहे, यावर ते ठरते. समांतरमध्ये व्होल्टेज समान असते, तिथे पहिले सूत्र बोलते. एकसरमध्ये करंट समान असतो, तिथे दुसरे. विद्यार्थी चुकतो तो आकडेमोडीत नाही. एकसर जोडणीतही प्रत्येक बल्बला २३० व्होल्ट मिळतात असे मनाशी धरून तो पुढे जातो, म्हणून चुकतो.

इथवरचे उत्तर परीक्षेत पूर्ण गुण मिळवते. तरी दोन होल्डर, थोडी वायर आणि दोन जुने तारेचे बल्ब घेऊन ही जोडणी खरोखर करून पाहिली की डोळ्यांना काही वेगळेच दिसते. गणित सांगते की शंभरचा बल्ब १४ वॅट घेतो आहे, साठच्याच्या निम्म्याहून जास्त. मग त्याचा उजेडही निम्म्याच्या आसपास असायला हवा. प्रत्यक्षात साठचा बल्ब पिवळसर पण स्पष्ट पेटलेला असतो, आणि शंभरच्या बल्बची तार जेमतेम लालसर होते. दिवसाउजेडी तर तो बंदच वाटावा.

याचे कारण टंगस्टनमध्ये आहे. टंगस्टनच्या तारेचा रोध तापमानाबरोबर खूप वाढतो. पूर्ण पेटलेल्या बल्बची तार अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास असते. तोच बल्ब थंड असताना रोध पेटत्या रोधाच्या साधारण चौदाव्या-पंधराव्या हिश्श्याइतका भरतो. मल्टिमीटर लावून शंभरचा थंड बल्ब मोजला तर ५२९ ओहम दिसत नाहीत, चाळिशीच्या आतबाहेरचा आकडा दिसतो. तो आकडा सूत्रात घातला तर बल्ब तेराशे वॅटचा निघेल! मोजणीत खोट नसते. तो रोध थंड तारेचा असतो, एवढेच. ५२९ हा फक्त पूर्ण तेजात पेटलेल्या बल्बचा रोध आहे.

एकसर जोडणीत दोन्ही बल्ब पूर्ण तापत नाहीत, पण सारखेच कमीही तापत नाहीत. बटण दाबताच साठच्या बल्बची बारीक तार आधी तापू लागते, कारण तिचा रोध जास्त आणि वस्तुमान कमी. ती तापली की तिचा रोध आणखी वाढतो. रोध वाढला की २३० व्होल्टमधला तिचा वाटा वाढतो, आणि वाटा वाढला की ती आणखी तापते. उलट बाजूला शंभरचा बल्ब थंड राहतो, म्हणून त्याचा रोध कमी राहतो, म्हणून त्याच्या वाट्याला व्होल्टेज आणखी कमी येते. हे सारे क्षणार्धात होऊन एका ठिकाणी स्थिरावते, पण ते ठिकाण पुस्तकातल्या १४४ आणि ८६ चे नसते.

मग ते कुठे असते? तारेच्या बल्बसाठी एक अनुभवसिद्ध नियम वापरला जातो: करंट व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, साधारण ०.५५ या घाताने वाढतो. म्हणजे व्होल्टेज निम्मे केले तरी करंट निम्मा होत नाही, सुमारे दोनतृतीयांश राहतो. हा नियम धरून दोन्ही बल्बांत करंट समान यावा असे गणित मांडले, की साठच्या बल्बला सुमारे १६५ व्होल्ट आणि शंभरच्याला सुमारे ६५ व्होल्ट येतात. करंट ०.२२ अँपिअरच्या जवळपास जातो. साठचा बल्ब सुमारे ३६ वॅट घेतो, शंभरचा १४, आणि एकूण भार ५० वॅटच्या घरात पोहोचतो. पुस्तकी साडेसदतीसपेक्षा हा बराच जास्त आहे, कारण अर्धवट तापलेल्या तारा पुस्तकाने धरलेला रोध दाखवतच नाहीत.

आणि उजेड? तो तर वॅटपेक्षाही झपाट्याने कोसळतो. तारेचे तापमान उतरले की तिच्या उत्सर्जनाचा मोठा भाग न दिसणाऱ्या उष्णतेकडे सरकतो. ढोबळ नियम असा की उजेड व्होल्टेजच्या साडेतीनच्या आसपासच्या घाताने बदलतो. त्या हिशेबाने साठच्या बल्बचा उजेड त्याच्या नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो, तर शंभरच्याचा एक-दोन टक्क्यांवर. अगदी कमी व्होल्टेजला हा नियम तितका नेमका राहत नाही, पण डोळ्यांना दिसणारे चित्र तो बरोबर सांगतो. ‘कोणता जास्त उजळेल’ याचे पुस्तकी उत्तर ‘साठचा’ हे बरोबरच आहे. फक्त ‘किती जास्त’ हे विचारले, तर खरे उत्तर दहा पटींहूनही पुढे जाते.

वीजबचतीचा विचार करणाऱ्याने इथे थोडे थांबावे. एकसर जोडल्याने भार १६० वॅटवरून ५० वर आला, म्हणजे सहा तासांचे जवळपास एक युनिट लागत होते तिथे ०.३ युनिट लागेल. पण उजेड दोन हजार ल्युमेनवरून अडीचशेच्या आसपास आला. वीज तिसऱ्या हिश्श्यावर आणि उजेड आठव्या हिश्श्यावर. प्रत्येक वॅटमागे मिळणारा उजेड निम्म्याहून कमी झाला. त्यामुळे याला बचत म्हणता येणार नाही. बल्बचे आयुष्य मात्र कमालीचे वाढते. कमी तापलेली तार फार हळू झिजते.

हाच प्रश्न टोकाला नेला की तो अधिक बोलका होतो. शंभरच्या बल्बसोबत झिरोचा बल्ब एकसर जोडून पाहावा. आपल्याकडे देवघरात किंवा रात्री झोपताना लावायचा हा जुना ‘झिरो’ बल्ब खरे तर पंधरा वॅटच्या आसपास वीज घेतो, हे अनेकांना माहीत नसते. तो जवळजवळ पूर्ण तेजात पेटतो आणि शंभरचा बल्ब अगदी काळा राहतो. त्याच्या वाट्याला दहा व्होल्टही येत नाहीत. पाहणाऱ्याला वाटेल, शंभरचा गेला. तो शाबूत असतो आणि त्याच्यातून करंटही वाहत असतो. तो काढून घेतला तर झिरोही विझतो. काळा बल्ब म्हणजे बंद वाट, असे समजू नये. एवढे एक वाक्य या प्रयोगातून हाती लागते, आणि पुढे ते उपयोगी पडते.

अनसिंग हे वाशिम-पुसद रस्त्यावरचे बाजाराचे गाव. भोवती सोयाबीन, तूर, कपाशीची शेती, विहिरींवर मोटारी, घरोघर पंखे. अशा गावात पंखे आणि मोटारी भरून देणाऱ्या कारागिराच्या भिंतीवर आपला प्रश्न खिळे ठोकून बसवलेला असतो. त्याचे नाव सिरीज बोर्ड. लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात शंभरचा बल्ब, आणि त्याच्याशी एकसर जोडलेले एक सॉकेट. कोणीतरी छताचा पंखा घेऊन येते. “भाऊ, याची कॉइल जळली का पाहा बरं.” “थांबा काका, सिरीजवर लावून पाहतो.” पंख्याची पिन सॉकेटमध्ये जाते आणि कारागीर पंख्याकडे नाही, बल्बकडे पाहतो. बल्ब पूर्ण पेटला तर पंख्यात शॉर्ट आहे, कारण सगळे व्होल्टेज बल्बवरच पडले. अजिबात पेटला नाही तर बहुधा वाट कुठेतरी तुटली आहे. मंद पेटला तर व्होल्टेज दोघांत वाटले गेले, म्हणजे कॉइलला रोध आहे आणि ती ढोबळमानाने शाबूत आहे. शॉर्ट असला तरी फ्यूज उडत नाही, कारण शंभरच्या बल्बमधून अर्ध्या अँपिअरहून कमी करंटच जाऊ शकतो. अनोळखी उपकरणाला ओळखीच्या बल्बशेजारी बसवून, त्याच्या उजेडावरून अनोळखीचा रोध ताडायचा. फळ्यावरचा प्रश्न इथे उलटा वाचला जातो.

या वाचनाच्या मर्यादाही त्याच गणितातून निघतात. पंख्याऐवजी हजार वॅटचा हीटर लावला तर त्याचा रोध जेमतेम ५३ ओहम. शंभरच्या बल्बला २०० हून जास्त व्होल्ट मिळतात आणि तो इतका लख्ख पेटतो की चांगला हीटरही शॉर्ट वाटावा. इस्त्री आणि मोठी मोटार यांचेही तसेच. तिथे मल्टिमीटर हाती घ्यावा लागतो. दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. मोटार बॉडीला लागली आहे का हे पाहायला सिरीज बोर्डाची एक तार वाइंडिंगला आणि दुसरी बॉडीला लावतात. बल्ब पेटला तर मोटार नक्की खराब. पण पेटला नाही तर? समजा ओल्या वाइंडिंगमधून बॉडीकडे दहा हजार ओहमची गळती आहे. मग बल्बमधून २३ मिलिअँपिअर जातील. चारशेहून जास्त मिलिअँपिअरवर तेजाने पेटणाऱ्या बल्बला हे जाणवणारही नाही, तार काळीच राहील. विहिरीवर ओल्या पायांनी त्या मोटारीला हात लावणाऱ्याच्या जिवावर मात्र तेवढा करंट बेतू शकतो. म्हणून वाइंडिंगचे इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरवरच पाहावे. काळ्या बल्बवर विसंबू नये, हे झिरोच्या बल्बने आधीच सांगून ठेवले आहे.

एलईडी बल्बांना मात्र हा प्रश्न लागू पडत नाही. त्यांच्या पोटात तारेऐवजी छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, ते मिळेल त्या व्होल्टेजवर ठरलेली शक्ती ओढायचा प्रयत्न करते. दोन एलईडी एकसर जोडले तर ते लुकलुकतात किंवा एक पेटून दुसरा बंद राहतो. त्यांचा रोध काढून हिशेब मांडण्यात अर्थ नाही, आणि सिरीज बोर्डावर तर एलईडी मुळीच चालत नाही. म्हणून दुकानात नवे बल्ब आले तरी भिंतीवरचा तारेचा बल्ब जपून ठेवलेला असतो.

प्रश्नाचे सर्वांत मोठे रूप गावाच्या डीपीवर दिसते. डीपीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात. प्रत्येक घराला एक फेज आणि तोच सामाईक न्यूट्रल मिळतो, आणि दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल शाबूत आहे तोवर सगळी घरे समांतर जोडलेली असतात आणि प्रत्येकाला आपले २३० व्होल्ट मिळतात. शेजाऱ्याने काय लावले आहे याच्याशी कोणाला कर्तव्य नसते. आता वाऱ्याने किंवा सैल सांध्यामुळे न्यूट्रल तुटला असे समजा. एका फेजवरच्या घरात ६० वॅटचा एक बल्ब चालू आहे. दुसऱ्या फेजवरच्या घरात पाणी तापवायला हजार वॅटचा हीटर लावला आहे. दोघांचे न्यूट्रल एकमेकांना जोडलेले आहेत, पण डीपीकडे परतायची वाट नाही. करंट एका फेजमधून बल्बात, तिथून हीटरमध्ये आणि मग दुसऱ्या फेजमध्ये जातो. दोन घरे ४०० व्होल्टवर एकसर जोडली गेली.

हिशेब मांडायला वेगळे काही लागत नाही. बल्ब ८८२ ओहम, हीटर ५३. बल्बला ३७७ व्होल्ट मिळतात, हीटरला २३. हीटर कोमटही होत नाही आणि बल्ब क्षणात उडतो. बल्बच्या जागी टीव्ही किंवा मोबाइलचा चार्जर असेल तर तो जळतो. कमी वॅटचे उपकरण जास्त व्होल्टेज ओढून घेते, ही फळ्यावरचीच गोष्ट, फक्त इथे तिची किंमत घरातल्या उपकरणांनी मोजावी लागते. ज्या घरात भार सर्वांत कमी, त्याच घराचे नुकसान सर्वांत मोठे. तिसरी फेज धरली की गणित लांबते, पण चित्र तेच राहते.

ओळखायचे कसे? साध्या लो व्होल्टेजमध्ये सगळ्यांचेच दिवे एकदम मंदावतात. न्यूट्रल गेला की काही घरांत दिवे अचानक लख्ख होतात, पंखे वेगाने फिरू लागतात आणि त्याच वेळी दुसऱ्या फेजवरच्या घरांत सगळे मिणमिणते. कोणी जड भार चालू किंवा बंद केला की हा उजेड पुन्हा बदलतो. असे दिसताच मेन स्विच आधी पाडावा आणि मग लाइनमनला कळवावे. नुसते टीव्हीचे बटण बंद करून भागत नाही, कारण घरातला भार जितका कमी होईल तितके उरलेल्या उपकरणांवरचे व्होल्टेज वाढते.

डीपीपाशी आणि लाइनवर जागोजागी न्यूट्रलला अर्थिंग दिलेले असते ते यासाठीही. अर्थिंग चांगले असेल तर न्यूट्रल तुटला तरी काही करंटला जमिनीतून परतीची वाट सापडते आणि व्होल्टेज थोडेफार काबूत राहते. पण अर्थिंगलाही स्वतःचा रोध असतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि जमिनीतल्या इलेक्ट्रोडपासून सुटते, तेव्हा तो रोध वाढतो. गणित पुन्हा मांडावे लागते आणि व्होल्टेजच्या वाटणीत हा रोधही एक वाटेकरी होतो. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालतात, आणि सांध्यांचे बोल्ट गंजले नाहीत ना हेही पाहतात.